टोस्टरचा आकडा आणि करपणाऱ्या कडा

टोस्टरच्या बटणावरचे १ ते ६ आकडे बहुतेक यंत्रांत उष्णता नव्हे, वेळ ठरवतात. तारा तेवढ्याच तापतात, फक्त जास्त वेळ तापत राहतात.

पाव आधी सुकतो, मगच तांबूस होतो. म्हणून ताज्या, ओलसर स्लाइसला ३ किंवा ४ लागतो, तर कालच्या पावाला त्याहून एक कमी पुरतो. गोडसर मिल्क ब्रेड साखरेमुळे लवकर रंगतो, त्यालाही आकडा खालचाच ठेवा. पहिली जोडी काढल्यावर यंत्र तापलेलेच असते. दुसरी जास्त काळपट निघत असेल, तर बटण थोडे मागे घ्या.

बेगल म्हणजे मध्ये भोक असलेला, चिवट, गोल पाव. तो आडवा चिरायचा. बेगलचे बटण असेल, तर बाहेरच्या तारा मंद होतात, म्हणून चिरलेली बाजू आत, दोन खाचांच्या मधल्या भागाकडे ठेवायची. ती कुरकुरीत होते, पाठ नुसती गरम. काही यंत्रांत उलटे असते, तेव्हा माहितीपत्रक पाहावे.

आता गार झालेला टोस्ट. त्याच्या कडा आधीच कोरड्या असतात; पुन्हा ३ वर लावला की मधला भाग गरम होईपर्यंत त्या करपतात. रीहीटचे बटण असेल तर तेच दाबा, नाहीतर १ वर लावून जवळच उभे राहा. कडेचा रंग गडद होऊ लागला की लगेच उचला. बाहेर काढलेले स्लाइस ताटलीत आडवे ठेवू नका, खालची वाफ त्यांना मऊ करते. एकमेकांना टेकवून उभे करा. लोणी लावलेला टोस्ट मात्र तव्यावरच गरम करायचा, टोस्टरमध्ये नाही. वितळलेले लोणी तारांवर पडून धूर होतो, कधी आगही लागते.