कानाने ऐकायचं आणि डोळ्यांनी वाचायचं

आपल्या गटांतल्या काही मुली रेडिओ केंद्रावर इंटर्न, म्हणजे शिकाऊ म्हणून जातात. तिथे त्यांना सुरुवातीला छोट्या पॉडकास्टचा एक भाग लिहायला सांगतात. पॉडकास्ट म्हणजे फोनवर हवा तेव्हा लावून ऐकता येणारा कार्यक्रम. त्यासाठी दोन कागद लागतात. एक बोलायची संहिता आणि दुसरा शो नोट्स, म्हणजे त्या भागाखाली फोनवर दिसणारा मजकूर. हे दोन्ही कसे लिहायचे, ते आज एका उदाहरणावरून बघू.

विषय घेऊ बाळाच्या जुलाबाचा: ओआरएसचं पाकीट हाताशी नसेल, तर घरी साखर-मिठाचं पाणी कसं करायचं. भाग तीन मिनिटांचा. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे संहिता तीनशे शब्दांच्या आतच ठेवायची. तेवढ्यात एकच गोष्ट नीट सांगून होते. जुलाब का होतात, स्वच्छता कशी ठेवावी, हे दुसऱ्या भागात घ्यावं.

कागदावर वाचणारी बाई मागची ओळ पुन्हा बघू शकते. ऐकणारी भाकरी थापत असते, तिचं एक वाक्य निसटलं की गेलं. म्हणून संहितेत "खालीलप्रमाणे", "वरील प्रमाण" असे शब्द चालत नाहीत. "एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ" हे वाक्य कागदावर ठीक आहे, पण कानावर पडताना साखर आणि मीठ यांची अदलाबदल होऊ शकते. इथे ती चूक महागात पडते. मीठ जास्त झालं तर बाळाला धोका असतो आणि साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. म्हणून प्रत्येक वस्तूला वेगळं वाक्य द्यायचं. असं:

(पाणी ओतल्याचा आवाज, ३ सेकंद)
"एक लिटर पाणी घेतलं, उकळून गार केलेलं. आता साखर. चहाचा लहान चमचा घ्या, पाच मिलिलिटरचा. सपाट भरा, शीग नको. असे सहा चमचे साखर. (थांबा) सहा. आता मीठ. त्याच चमच्याने फक्त अर्धा चमचा, तोही सपाट. (थांबा) अर्धा. ढवळा आणि घोटभर चाखून बघा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं, तर ओतून द्या आणि नवं करा."

कंसातलं वाचायचं नसतं. ते आवाज घालणाऱ्यासाठी आणि बोलणारीसाठी असतं. आकडा पुन्हा म्हटला आहे आणि त्याआधी थांबायलाही सांगितलं आहे, कारण तेवढ्या वेळात ऐकणारी तो मनात धरते.

संहिता झाली की केंद्रावरच्या कुणाला नाही, तर हा विषय न वाचलेल्या एखाद्या काकूंना ती एकदाच वाचून दाखवा. मग कागद मिटून विचारा, "मीठ किती? चमचा कोणता?" त्या अडखळल्या तर दोष त्यांचा नाही, वाक्य बदला. शेवटी प्रमाण आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून किंवा नर्सताईंकडून तपासून घ्या. एकदा प्रसारित झालेला आकडा घरोघरी जाऊन परत घेता येत नाही.

आता शो नोट्स. कानात न राहणाऱ्या गोष्टी इथे लिहायच्या. फोनवर बहुतेक वेळा पहिल्या एकदोन ओळीच दिसतात, म्हणून "आमच्या कार्यक्रमात आपले स्वागत" असं लिहून त्या वाया घालवू नयेत. आपल्या भागाच्या नोट्स अशा होतील:

"घरचं साखर-मिठाचं पाणी: पाणी १ लिटर, साखर ६ सपाट लहान चमचे, मीठ अर्धा सपाट लहान चमचा. २४ तासांनी उरलेलं टाकून द्या.
पाकीट मिळालं तर तेच वापरा, आशाताईंकडे विचारा.
बाळ मलूल झालं, पाणी पीत नसेल, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसलं, तर लगेच दवाखान्यात न्या. रुग्णवाहिका: १०८.
०:५० प्रमाण. २:१० धोक्याची लक्षणं."

शेवटच्या ओळीतल्या वेळा ध्वनिफितीची काटछाट पूर्ण झाल्यावरच लिहायच्या. आधी लिहिल्या आणि नंतर सुरुवातीचे वीस सेकंद कापले, तर सगळ्या वेळा चुकतात. मग ऐकणारी प्रमाण शोधत दुसऱ्याच ठिकाणी पोचते.

आणखी एक. एखाद्या आईचा अनुभव भागात घेतला असेल, तर तिला विचारूनच तिचं नाव नोट्समध्ये घालायचं. आवाज द्यायला ती तयार झाली म्हणजे नाव छापायलाही तयार आहे, असं समजू नये. तिने नको म्हटलं, तर "एक आई" एवढंच लिहावं.