वेटलिस्टवर आहात? मग ते एक पानाचं पत्र कसं लिहायचं

आज विषय छोटा आहे, पण सध्या माझ्या इनबॉक्समध्ये सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतोय. बाहेरच्या युनिव्हर्सिटीचा मेल आला, त्यात ना हो ना नाही, तुम्ही वेटलिस्टवर आहात. आता काय करायचं? काही जण म्हणतात पत्र लिहा, काही म्हणतात गप्प बसा. दोन्ही सल्ले बरोबर असू शकतात, कारण वेटलिस्ट दोन जातीच्या असतात.

पहिली जात आपल्याला चांगली माहितीये. कोकण रेल्वेचं तिकीट काढलं, वेटिंग ३४. पुढचे लोक कॅन्सल करतील तसा तुमचा नंबर वर सरकतो. तिथे रेल्वेला पत्र लिहून काय उपयोग? आपल्याकडची बरीचशी अ‍ॅडमिशन याच पद्धतीनं चालतात. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्ये मेरिट नंबर आणि तुमचे ऑप्शन, एवढ्यावर सीट ठरते. आयआयएमच्या वेटलिस्टलाही नंबर असतो. इथे पत्र लिहिलंत तर वाचणारा बिचारा काही करूच शकत नाही.

दुसरी जात अमेरिकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिटींची. तिथे तुम्हाला सहसा नंबर सांगत नाहीत, कारण पुष्कळदा नंबर नसतोच. ज्यांना ऑफर दिली त्यातले किती येतायत हे आधी बघतात. मग जागा उरल्या तर कमिटी पुन्हा यादी उघडते आणि विचारते, आता या वर्गात कोण हवंय? आणि महत्त्वाचं म्हणजे, कोणाला बोलावलं तर ती व्यक्ती नक्की येईल? या दोन प्रश्नांना उत्तर देणारं कागद म्हणजे हे पत्र. ते या दुसऱ्या जातीतच चालतं.

आणि या जातीतही एक अट आहे. वेटलिस्टचा मेल शेवटपर्यंत वाचा. काही ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं असतं की आणखी काही पाठवू नका. मग नाही पाठवायचं, विषय संपला. काही ठिकाणी पोर्टलवर फॉर्म भरून ‘मला यादीत राहायचंय’ असं कळवावं लागतं, त्याला तारीख असते. पत्राच्या नादात तो फॉर्म राहिला तर पत्र कितीही भारी असो, तुम्ही यादीतच नसता.

आता एक उदाहरण घेऊ. उदाहरण म्हणून मी रचलेलंच आहे, पण असे लोक तुम्हाला ट्रान्स-हार्बरच्या डब्यात रोज दिसतील. खारघरला राहणारी एक मुलगी. ऐरोलीच्या एका कंपनीत तीन वर्षं बॅकएंडचं काम. कॉम्प्युटर सायन्सच्या एमएससाठी डिसेंबरात अर्ज केला. एसओपीत लिहिलं की मला डेटाबेस सिस्टिम्समध्ये काम करायचंय. सीजीपीए ७.४, आणि गणिताच्या दोन विषयांत मार्क कमी. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मेल आला, वेटलिस्ट.

तिनं यादी काढली की डिसेंबरनंतर माझ्याकडे नवीन काय आहे. जानेवारीत प्रमोशन झालं. ऑफिसचं एक रात्रीचं काम तिनं नव्यानं लिहिलं, ते चार तासांऐवजी पन्नास मिनिटांत होतं. एनपीटीईएलचा अल्गोरिदमचा बारा आठवड्यांचा कोर्स चालू आहे. टीमला एक अ‍ॅवॉर्ड मिळालं. दोन वेबिनारची सर्टिफिकेटं आहेत.

बहुतेक जण हे सगळं पत्रात टाकतात. मी म्हणते, आधी आपलीच फाइल परक्याच्या नजरेनं वाचा आणि विचारा, हिला लगेच हो का नाही म्हटलं? कमिटी कारण सांगत नाही, पण फाइल बघून अंदाज येतो. इथे शंका बहुधा दोन असणार. एक, हिला गणित झेपेल का? आणि दोन, डेटाबेसची आवड म्हणते, पण पुरावा कुठाय? नवीन गोष्टींपैकी या शंकांना उत्तर देणाऱ्या दोनच आहेत, रात्रीचं काम आणि एनपीटीईएल. प्रमोशनला अर्धं वाक्य पुरतं. अ‍ॅवॉर्ड आणि वेबिनार बाहेर. वेबिनार ऐकला म्हणून जगात कोणी कोणाला सीट दिलेली नाही, खरं सांगते.

आता त्या कामाबद्दल ती काय लिहील? ‘मी परफॉर्मन्स सुधारला’ हे वाक्य प्रत्येकाच्या रेझ्युमेवर असतं. त्याऐवजी तिनं असं सांगावं, अर्थात इंग्रजीत, मी इथे आशय सांगतेय. आमच्याकडे रोज रात्री दोन सिस्टिम्समधले व्यवहार जुळवून बघणारा जॉब चालतो. तो प्रत्येक व्यवहारासाठी डेटाबेसला वेगळी क्वेरी मारत होता. मी ते हजार-हजारच्या गटात आणलं आणि जुळणी डेटाबेसच्या आतच करून घेतली. दोन आठवडे जुना आणि नवा जॉब शेजारी-शेजारी चालवून रोजचे निकाल ताडून बघितले, मग जुना बंद केला. वेळ चार तासांवरून पन्नास मिनिटांवर आला. हे करताना क्वेरी प्लॅनर कधी चुकीचा रस्ता निवडतो हा प्रश्न पडला, आणि तोच मला तुमच्याकडे शिकायचाय.

बघा, यात एकही विशेषण नाही. पण प्रोफेसर वाचतील तर त्यांना कळेल की हिनं खरंच केलंय. दोन आठवडे शेजारी चालवलं, हे खोटं लिहिणाऱ्याला सुचत नाही. हां, क्लायंटचं नाव, खरे आकडे, टेबलांची नावं नाही लिहायची. तुम्ही कंपनीशी गोपनीयतेचा करार केलेला असतो.

एनपीटीईएलचं जरा नाजूक आहे. जानेवारीच्या सत्राची परीक्षा एप्रिलच्या आसपास असते, आणि सर्टिफिकेटच्या मार्कांत परीक्षेचा वाटा ७५ टक्के, असाइनमेंटचा २५. म्हणजे मार्चअखेर पत्र लिहिताना तिच्याकडे निकाल नाही. मग निकाल असल्यासारखं लिहायचं नाही. लिहायचं की आत्तापर्यंतच्या सगळ्या असाइनमेंट दिल्या आहेत, परीक्षेला नाव नोंदवलंय, निकाल आला की कळवेन. यातून तिला नंतर एकदा पुन्हा लिहायला योग्य कारणही मिळतं. गणिताचं दुखणं मात्र उगाळायचं नाही. तिसऱ्या सेमला घरी अडचण होती वगैरे स्पष्टीकरण नको. कोर्सचं नाव लिहिलं की वाचणाऱ्याला का ते समजतं.

पुढचा भाग, इंटरेस्ट पुन्हा सांगण्याचा. इथे लोक रँकिंगवर घसरतात. तुमची युनिव्हर्सिटी जगप्रसिद्ध आहे, हे त्यांना माहितीये हो. तिनं लिहावं की तिथला अमुक कोर्स, अमुक लॅब, आणि माझ्या रात्रीच्या जॉबच्या प्रश्नाशी त्याचा काय संबंध. तो कोर्स या वर्षी खरंच शिकवतायत का, ते प्रोफेसर अजून तिथे आहेत का, हे वेबसाइटवर तपासून. एक सोपी परीक्षा सांगते. तुमच्या परिच्छेदात युनिव्हर्सिटीचं नाव बदलून दुसरीचं टाका. परिच्छेद तरीही चालत असेल तर पुन्हा लिहा.

आणि मग ते एक वाक्य. ‘मला प्रवेश मिळाला तर मी येणार.’ पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य हेच, आणि म्हणूनच ते एकाच युनिव्हर्सिटीला लिहायचं. दोन ठिकाणी वेटलिस्ट असेल तर दुसऱ्या ठिकाणी ‘मला अजूनही खूप इच्छा आहे’ इथपर्यंत थांबायचं. कोणी कोर्टात खेचणार नाही, पण शब्द दिलाय ना आपण.

हे वाक्य लिहिण्याआधी घरी बसून पैशाचं बोला. वेटलिस्टवरून येणारी ऑफर पुष्कळदा स्कॉलरशिपशिवाय येते, आणि उत्तर द्यायला थोडेच दिवस मिळतात. नंतर आय-ट्वेंटीसाठी पहिल्या वर्षाच्या खर्चाचे पैसे कागदावर दाखवावे लागतात. मोठ्या कर्जासाठी बँक घर तारण मागत असेल आणि घर सिडकोच्या लीजच्या जमिनीवर असेल, तर सिडकोचं ना-हरकत पत्रही लागू शकतं. नवी मुंबईकरांनो, हे चार दिवसांत होणारं काम नाही. आई-बाबांना मे महिन्यात दचकवण्यापेक्षा मार्चमध्येच सांगा. कर्जाचं पक्कं नसेल तर ‘मी येणार’ लिहू नका, ‘पहिली पसंती तुमचीच आहे’ लिहा. तेही खरं असेल तरच.

कधी पाठवायचं? मेल आल्यापासून साधारण आठवडा-दोन आठवड्यांत. अमेरिकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिटींनी एक ठराव मान्य केलाय, की फंडिंग मिळालेल्या मास्टर्स-पीएचडीच्या विद्यार्थ्यांवर १५ एप्रिलच्या आधी उत्तराची सक्ती करायची नाही. त्यामुळे कोण येतंय, कोण नाही, हे त्या तारखेच्या आसपास स्पष्ट व्हायला लागतं. तुमचं पत्र त्याआधी फाइलमध्ये असायला हवं. अंडरग्रॅजुएटसाठी बहुतेक ठिकाणी हीच तारीख १ मे असते.

पोर्टलवर अपडेटसाठी जागा असेल तर तिथेच अपलोड करा, मेल करू नका, कारण मेल फाइलपर्यंत पोचेलच असं नाही. मेल करायचा असेल तर विषयातच पूर्ण नाव, अर्जाचा नंबर, कोर्स आणि कुठल्या सेमिस्टरसाठी ते लिहा. एक पान, फार तर साडेतीनशे शब्द. सुरुवातीला ‘मला खूप वाईट वाटलं’ नको, ‘यादीत ठेवल्याबद्दल आभार, मला यादीत राहायचंय’ पुरे. ट्रान्सक्रिप्ट, एसओपी पुन्हा जोडू नका, त्यांच्याकडे आहेत. मॅनेजरचं शिफारसपत्र मेलमध्ये मागितलं असेल तरच. आणि प्लीज, बाबांनी किंवा बाबांच्या ओळखीच्या आमदारसाहेबांनी फोन करू नये. आपल्याकडे कधी चालत असेल, तिथे तो उलटा पडतो.

पत्र गेलं की दर सोमवारी ‘काही अपडेट?’ असा मेल टाकायचा नाही. आपल्या उदाहरणातली मुलगी दुसऱ्यांदा लिहील ती एनपीटीईएलचा निकाल आल्यावर, तीन ओळी आणि सर्टिफिकेट. मार्क वाईट आले तर? पहिल्या पत्रात कळवेन म्हटलंय, त्यामुळे कळवायचं, एका ओळीत, कारणं न देता. मधल्या काळात दुसऱ्या कॉलेजची ऑफर हातात असेल तर तिच्या तारखेच्या आत ती स्वीकारून डिपॉझिट भरायचं. वेटलिस्ट उघडली तर ते डिपॉझिट बहुधा बुडतं, ते आधीच खर्चात धरा. आणि तसं झालं तर त्या कॉलेजला त्याच दिवशी ‘येत नाही’ कळवा, कारण त्यांच्याकडेही एक यादी असते आणि त्यावरही कोणीतरी मोबाइल हातात घेऊन बसलेलं असतं.