टाळी नेमकी कुठे पडते?
बडबडगीत म्हणताना तीन-चार वर्षांचं मूल बहुधा प्रत्येक अक्षरावर टाळी देतं. शब्द लांबला की टाळीही अडखळते. म्हणजे ते शब्द वाजवत असतं, ताल नाही. अशा वेळी टाळी सोडा आणि गाणं म्हणत दोघं जागच्या जागी पावलं टाका. वेग मुलाचाच ठेवा. लहानग्यांची सहज लय आपल्यापेक्षा जलद असते, संथ लय त्यांना जड जाते. पावलं स्थिरावली की चार मात्रा धरा: तीन टाळ्या, चौथीला हात नुसते उघडायचे. ही रिकामी मात्रा घाई न करता सांभाळणं सगळ्यात अवघड, म्हणून या टप्प्यावर भरपूर रेंगाळा. मग पालथा डबा आणि लाकडी चमचा द्या. तांदळाचा खुळखुळा नंतर, कारण हात थांबल्यावरही त्यातले दाणे वाजतात आणि ठोका नेमका ऐकू येत नाही.