वाक्यावर बोट ठेवा



मुलांना एकमेकांचे निबंध वाचायला दिले,
की शेरा येतो, ‘छान आहे.’
नाहीतर नुसते ऱ्हस्व-दीर्घ सुधारले जातात.

म्हणून आधी एक निनावी कच्चा निबंध फळ्यावर लिहा.
वर्गाने मिळून तीन प्रश्न सोडवावेत.

मुख्य मुद्दा कोणत्या वाक्यात आहे?
कुठे कळलं नाही?
लेखकाला काय विचारावंसं वाटतं?

प्रत्येक उत्तर देताना वाक्यावर बोट ठेवायचं.

समजा, निबंधात आहे, ‘जत्रेत खूप मजा आली.’
‘अजून लिही’ हा शेरा मोघम झाला.
‘पाळणा वर गेला, तेव्हा काय दिसलं?’
असं विचारलं, की पुढचं वाक्य सुचतं.

पुन्हा सांगते, वाक्यावर बोट ठेवा.

शुद्धलेखन मात्र शेवटच्या वाचनात.
आधी तपासलं, तर मुलं तिथेच अडकतात.