आठांपैकी पाच कोणते?

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



आज मी बारावी विज्ञानाच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेतील एका ओळीविषयी बोलणार आहे. ती ओळ म्हणजे ‘खालीलपैकी कोणतेही पाच प्रश्न सोडवा’. तिच्याखाली आठ प्रश्न असतात. आपल्या जाफराबाद तालुक्यातील मुलांचे पुष्कळ गुण या एका ओळीपाशी वाढतात किंवा जातात. म्हणून तिच्यामागचा हिशेब पालकांनीही समजून घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

प्रथम प्रश्नपत्रिकेची रचना पाहू. पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा असतो. त्याचे चार विभाग आहेत. पहिल्या विभागातील २० गुणांचे प्रश्न सक्तीचे असतात. दुसऱ्या विभागात दोन गुणांचे बारा प्रश्न असून त्यांतील आठ सोडवायचे असतात. तिसऱ्यात तीन गुणांचे बारा प्रश्न असतात, त्यांतीलही आठच सोडवायचे. चौथ्या विभागात चार गुणांचे आठ प्रश्न असतात आणि त्यांतील पाच सोडवायचे. म्हणजे छापलेले प्रश्न एकूण ११२ गुणांचे, आणि आपल्याला हवेत ८०. बोर्ड आपल्याला ३२ गुणांचे प्रश्न सोडून देण्याची मुभा देते. त्यांतले बारा गुण एकट्या चौथ्या विभागात आहेत.

ही मुभा पाहिली की मुलांच्या मनात पहिला विचार येतो तो असा : आठांतले पाचच करायचे आहेत, तर निम्मे धडे वाचले तरी भागेल. हा विचार कुठे चुकतो ते पाहा. बारावीच्या गणिताच्या दोन भागांत मिळून पंधरा धडे आहेत. समजा, चौथ्या विभागातील आठ प्रश्न आठ वेगवेगळ्या धड्यांवर आले. एखाद्या मुलाने आठ धड्यांची तयारी केली आणि सात सोडले, तर त्या सोडलेल्या सातही धड्यांवर प्रश्न येऊ शकतात. मग त्याच्या हाती एकच प्रश्न उरतो. पाच प्रश्नांची पक्की हमी हवी असेल, तर पंधरांपैकी फक्त तीन धडे सोडता येतात. एकाच धड्यावर दोन मोठे प्रश्न आले, तर तीही हमी राहत नाही.

आता कोणी विचारील की, मग जुन्या प्रश्नपत्रिकांचा उपयोग काय? उपयोग असा की चार गुणांचा मोठा प्रश्न सगळ्या धड्यांवर सारख्याच प्रमाणात येत नाही. काही धडे स्वभावानेच मोठा प्रश्न देतात. मॅट्रिक्सने तीन समीकरणे सोडवणे, लॉजिकमधील स्विचिंग सर्किट, त्रिकोणमितीतील सिद्धता, इंटिग्रेशन ही त्याची उदाहरणे. इतर काही धड्यांवर दोन-तीन गुणांचेच प्रश्न जास्त पडतात. हा फरक कोणाच्या सांगण्यावरून मानू नका, स्वतः मोजा. एका वहीत उभ्या बाजूला पंधरा धड्यांची नावे लिहा, आडव्या बाजूला परीक्षांची वर्षे लिहा, आणि प्रत्येक चौकटीत त्या धड्यावर किती गुणांचा कोणता प्रश्न आला ते मांडा. दोन संध्याकाळचे काम आहे.

मात्र कोणत्या वर्षांचे पेपर मोजायचे, हे नीट समजून घ्यावे लागते. बारावीचा सध्याचा गणिताचा अभ्यासक्रम २०२०-२१ या वर्षी आला. २०२१ ची बारावीची लेखी परीक्षा कोरोनामुळे रद्द झाली. २०२२ ची परीक्षा झाली खरी, पण त्या वर्षी अभ्यासक्रम २५ टक्के कमी केलेला होता. २०२३ पासून पूर्ण अभ्यासक्रमावर परीक्षा सुरू झाली. याचा अर्थ असा की २०२२ च्या पेपरात एखादा भाग दिसला नाही, म्हणून तो येतच नाही असे म्हणता येणार नाही. कदाचित तो त्या वर्षी वगळलेलाच असेल. तेव्हा मोजणीसाठी २०२३ पासूनचे मुख्य आणि पुरवणी परीक्षेचे पेपर घ्या. २०२२ चे आणि त्याआधीचे पेपर फक्त सरावासाठी ठेवा.

आणखी एक गोष्ट. गेल्या वर्षी आलेला प्रश्न यंदा येणार नाही, किंवा दोन वर्षे न आलेला यंदा नक्की येणार, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ‘आय.एम.पी.’ म्हणून चिठ्ठ्याही फिरतात. जुन्या पेपरांवरून नेमका प्रश्न कळत नाही; प्रश्नाचा प्रकार कळतो. आणि मोठा प्रश्न सोडला म्हणजे धडा सोडला, असेही नव्हे. त्याच धड्यावर पहिल्या विभागात सक्तीचा प्रश्न पडू शकतो, आणि तिथे निवड नाही. सोडायचाच तर त्या धड्यातला लांबलचक प्रकार सोडा. व्याख्या, सूत्रे आणि लहान उदाहरणे सोडू नका.

आता निवड कशी करायची ते एका उदाहरणाने पाहू. तीन तास म्हणजे १८० मिनिटे आणि गुण ८०. म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे, चार गुणांच्या प्रश्नाला नऊ मिनिटे, आणि चौथ्या विभागाला पंचेचाळीस मिनिटे. हा नऊ मिनिटांचा आकडा लक्षात ठेवा. घरी सराव करताना प्रत्येक प्रकारापुढे दोन नोंदी करा : किती मिनिटे लागली, आणि तपासल्यावर खरोखर किती गुण मिळाले.

समजा, सरावाच्या पेपरात आठ प्रश्न असे आहेत : स्विचिंग सर्किट, मॅट्रिक्सने तीन समीकरणे, त्रिकोणमितीतील सिद्धता, व्हेक्टरमधील सिद्धता, एल.पी.पी., डेरिव्हेटिव्हची सिद्धता, महत्तम घनफळाची पेटी, आणि लोकसंख्यावाढीचे डिफरन्शिअल इक्वेशन. एक विद्यार्थी सवयीप्रमाणे वरून पहिले पाच सोडवतो. सर्किटला ८ मिनिटे लागतात आणि ४ गुण मिळतात. मॅट्रिक्सला १३ मिनिटे, पण एक चिन्ह चुकल्याने ३ गुण. त्रिकोणमितीला ६ मिनिटे, ४ गुण. व्हेक्टरची सिद्धता मध्येच विसरते, तिथे १० मिनिटे जाऊन १ गुण. एल.पी.पी. ला ९ मिनिटे, ४ गुण. एकूण ४६ मिनिटे आणि १६ गुण.

त्याच विद्यार्थ्याची वही सांगते की पेटीचा प्रश्न त्याला ७ मिनिटांत येतो आणि ४ गुण देतो; डेरिव्हेटिव्हला ८ मिनिटे लागतात आणि ३ गुण मिळतात. त्याने मॅट्रिक्स आणि व्हेक्टर सोडून हे दोन घेतले असते, तर ३८ मिनिटांत १९ गुण झाले असते. म्हणजे तीन गुण जास्त आणि वर आठ मिनिटे शिल्लक. तेवढ्या वेळात तिसऱ्या विभागातला राहिलेला एक प्रश्न सहज होतो. मुलगा तोच आणि अभ्यासही तेवढाच. फरक फक्त निवडीचा.

हा पेटीचा प्रश्न आपली मुले का सोडतात? उर्दू किंवा मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला इंग्रजीतल्या चार ओळी पाहूनच धास्ती वाटते. पण आत काय आहे ते पाहा. चौरस तळाची, वरून उघडी पेटी, एकूण पत्रा १४७ चौरस सेंटिमीटर. घनफळ जास्तीत जास्त हवे. तळाची बाजू x आणि उंची h धरली की पत्र्याचे समीकरण होते

x² + 4xh = 147

आणि घनफळ V = x²h. पहिल्यातून h काढून दुसऱ्यात घातला की

V = (147x − x³)/4

मिळते. त्याचे डेरिव्हेटिव्ह शून्य धरले की x = 7, आणि मग h = 3.5. दुसरे डेरिव्हेटिव्ह ऋण येते, हे दाखवले की उत्तर पूर्ण. शिवाय तपासणी हातात आहे : तळाचे ४९ आणि चार बाजूंचे ९८ मिळून १४७ होतात. ज्या मुलाने ‘ओपन टॉप’, ‘स्क्वेअर बेस’, ‘अॅट लीस्ट’, ‘नॉट मोअर दॅन’ असे वीस-पंचवीस शब्दप्रयोग पाठ केले आहेत, त्याच्यासाठी निवडीचे दार मोठे होते. एल.पी.पी. चेही तसेच आहे. तिथे आलेखाचा कागद लागत नाही, कच्ची आकृती पुरते, हे पेपरवरच छापलेले असते.

आता परीक्षेच्या खोलीतले काम. चौथ्या विभागाशी आल्यावर लगेच लिहायला सुरुवात करू नका. तीन मिनिटे आठही प्रश्न शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. प्रश्नपत्रिकेवर खुणा करू नका. कच्च्या कामाच्या जागेत प्रश्नांचे क्रमांक तीन गटांत मांडा. ज्याची शेवटची पायरीही दिसते तो पहिल्या गटात, ज्याची सुरुवात दिसते पण शेवट दिसत नाही तो दुसऱ्या गटात, आणि ज्याची सुरुवातच दिसत नाही तो तिसऱ्या गटात. पहिला गट आधी संपवा. पाच भरले नाहीत, तर दुसऱ्या गटातून असा प्रश्न उचला, ज्याचे उत्तर स्वतःला तपासता येते. समीकरणांची उत्तरे मूळ समीकरणांत घालून पाहता येतात, इंटिग्रेशनचे उत्तर डेरिव्हेटिव्ह काढून पाहता येते. सिद्धतेला अशी सोय नाही. ती पाठ असेल तर उत्तम, नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

लिहिताना नऊ मिनिटे झाली आणि वाट दिसत नाही, तर तिथे थांबा. केलेल्या पायऱ्या खोडू नका, कारण गणितात पायऱ्यांना गुण असतात. थोडी जागा सोडा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा. याउलट पाच पूर्ण झाले असतील, तर हौसेने सहावा लिहू नका. सहावा लिहिला तरी विभागाचे गुण वीसच राहतात. ती मिनिटे पहिल्या विभागातील सक्तीचे प्रश्न तपासण्यात घाला. तिथे पर्यायी प्रश्नाचे पहिले लिहिलेले उत्तरच तपासले जाते, म्हणून लिहिण्यापूर्वीचा विचार महत्त्वाचा.

पालकांनी यात काय करावे? गणित येत नसले तरी घड्याळ सर्वांना येते. रविवारी मुलाला किंवा मुलीला एक जुना चौथा विभाग द्या, पंचेचाळीस मिनिटे लावा, आणि शेवटी एकच प्रश्न विचारा : कोणते तीन सोडलेस, आणि का? उत्तरात ‘अवघड होते’ एवढेच आले, तर वही अजून तयार नाही असे समजा. ‘त्याला मला तेरा मिनिटे लागतात आणि चिन्ह चुकते’ असे उत्तर आले, तर तुमचे मूल निवड करायला शिकले आहे.