शून्य चालतं, मग शून्य सदिश का नाही?

कालच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीनं मला गाठलं. "सर, आयगेन व्हॅल्यू शून्य असू शकते, मग आयगेन व्हेक्टर शून्य का नाही? Av = λv मध्ये v शून्य घातला तरी समीकरण जुळतंच की!"

तिचं म्हणणं खरं आहे, समीकरण जुळतं. पण ते किती सहज जुळतं ते पाहा. एक मॅट्रिक्स घेऊ. पहिल्या ओळीत १ आणि २, दुसऱ्या ओळीत २ आणि ४. हिला (१, २) हा सदिश दिला की (५, १०) मिळतो. दिशा तीच राहिली, लांबी पाचपट झाली. इथं λ पाचच आहे, दुसरी कुठलीही संख्या चालणार नाही. आता शून्य सदिश द्या. उत्तर शून्य सदिशच येतं. हा कितीपट झाला? पाचपट म्हणा, सातपट म्हणा, उणे शंभरपट म्हणा, सगळंच बरोबर! त्याला आयगेन व्हेक्टर मानलं, तर जगातली प्रत्येक संख्या प्रत्येक मॅट्रिक्सची आयगेन व्हॅल्यू ठरेल. मग या मॅट्रिक्सबद्दल आपल्याला काय कळलं? काहीच नाही. 'आयगेन' या जर्मन शब्दाचा अर्थ 'स्वतःचा'. जी संख्या सगळ्यांचीच आहे, ती हिची स्वतःची कशी म्हणायची?

आता शून्य या संख्येकडे वळू. याच मॅट्रिक्सला (२, -१) द्या. पहिली ओळ २ वजा २, दुसरी ४ वजा ४. उत्तर (०, ०). सदिश शून्य नव्हता, मॅट्रिक्सनं त्याला शून्यावर नेलं. त्याची आयगेन व्हॅल्यू शून्य, आणि फक्त शून्यच. ही ठोस माहिती आहे. (२, -१) आणि (०, ०) हे दोन वेगळे सदिश एकाच जागी पोहोचले, म्हणजे उत्तरावरून मूळ सदिश ओळखता येणार नाही. या मॅट्रिक्सला व्यस्त मॅट्रिक्स नाही, आणि तिचा निश्चयकही ४ वजा ४, म्हणजे शून्यच येतो.

एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा. एकाच आयगेन व्हॅल्यूच्या सगळ्या आयगेन व्हेक्टरांचा मिळून जो अवकाश होतो, त्यात शून्य सदिश घ्यावाच लागतो. (२, -१) आणि (-२, १) यांची बेरीज शून्य येते, आणि बेरीज अवकाशाबाहेर जाऊन चालत नाही. तो त्या अवकाशात असतो, पण त्याला आयगेन व्हेक्टर म्हणत नाहीत.

याचा परीक्षेतही उपयोग आहे. समजा, आकडेमोडीत चूक होऊन याच मॅट्रिक्ससाठी λ चार आली. मग समीकरणं उरतात -3x + 2y = 0 आणि 2x = 0. दुसऱ्यातून x शून्य, मग पहिल्यातून y शून्य. पुष्कळ विद्यार्थी इथं 'आयगेन व्हेक्टर (०, ०)' असं लिहून पुढं जातात. तसं करू नका. शून्याखेरीज उत्तरच निघत नसेल, तर चार ही आयगेन व्हॅल्यू नाहीच. मागं जा आणि λ पुन्हा काढा.