एकतर्फी निर्धारणा आदेश आणि तो रद्द करण्याचा अर्ज

व्यापारी सुनावणीला गैरहजर राहिला आणि अधिकाऱ्याने उपलब्ध कागदांवरूनच कर ठरवला, तर त्या आदेशाला एकतर्फी निर्धारणा आदेश म्हणतात. अशा आदेशाविरुद्ध अपिलाचा मार्ग खुला असतोच. शिवाय महाराष्ट्र मूल्यवर्धित कर अधिनियम, 2002 च्या कलम 23(11) नुसार, आदेशाची बजावणी झाल्यापासून 30 दिवसांत तो रद्द करून नव्याने निर्धारणा करण्यासाठी अर्ज करता येतो. केंद्रीय विक्रीकराच्या निर्धारणेलाही कार्यपद्धतीपुरता राज्याचाच कायदा लागू होतो.

उदाहरणादाखल 2013-14 या वर्षात परराज्यातील नोंदणीकृत खरेदीदाराला 10 लाख रुपयांचे यंत्रभाग विकणारा एक व्यापारी घ्यावा. खरेदीदाराने दिलेले ‘सी’ फॉर्म, म्हणजे सवलतीच्या दराला आधार देणारे घोषणापत्र, हाती असल्यास कर 2 टक्के, म्हणजे 20,000 रुपये होतो. ते सादर न झाल्यास त्याच विक्रीवर राज्यातील 12.5 टक्के दर लागून कर 1,25,000 रुपये होतो. फॉर्म दप्तरात असूनही सुनावणी चुकली, एवढ्याच कारणाने 1,05,000 रुपयांचा फरक आणि त्यावरील व्याज अंगावर येते.

अर्ज लिहिण्यापूर्वी आदेशाचा मजकूर बारकाईने वाचावा लागतो, कारण प्रतिनिधी पूर्वीच्या तारखेला हजर राहून त्याने हिशेब दाखवल्याची नोंद त्यात असेल, तर तो आदेश एकतर्फी आहे असे म्हणणे कठीण होते आणि अपील हाच सुरक्षित मार्ग ठरतो. त्यानंतर मुदत मोजायची ती आदेशावरील तारखेपासून नव्हे, तर बजावणीच्या दिवसापासून: 20 जानेवारी 2018 चा आदेश 5 फेब्रुवारीला हाती पडला असेल, तर बजावणीचा दिवस सोडून तिसावा दिवस 7 मार्च येतो. म्हणून लिफाफा किंवा पोच जपून ठेवावी आणि तिची प्रत अर्जाला जोडावी.

अर्जात कराच्या गुणदोषांवर लांबलचक युक्तिवाद करू नये, कारण तो नव्या सुनावणीचा विषय आहे. नोटीस कोणत्या पत्त्यावर गेली, सुनावणी कोणत्या तारखेला होती आणि गैरहजेरी कशामुळे घडली, हे क्रमाने मांडावे. नोटीस जुन्या पत्त्यावर गेल्याचे म्हणणे असेल, तर पत्ता बदलल्याची नोंदणीतील दुरुस्ती; आजारपण असेल, तर रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, असा प्रत्येक विधानाला कागद असावा. फॉर्मची बीजकनिहाय यादी जोडल्यास पुढची सुनावणी लांबणार नाही, हेही अधिकाऱ्याला दिसते.

आदेश रद्द झाला म्हणजे करदायित्व संपले असे नव्हे. निर्धारणा पुन्हा होते, आणि तेव्हा ‘सी’ फॉर्म प्रत्यक्ष सादर झाले नाहीत तर 12.5 टक्क्यांचाच दर पुन्हा लागतो. त्याचप्रमाणे अर्जाच्या निकालाची वाट पाहताना अपिलाची 60 दिवसांची मुदत हातची जाऊ देऊ नये.